डॉलरमधील देणे आणि कॉल ऑप्शन : आयातदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न प्रामुख्याने छोट्या व मध्यम आयातदारांकडून येत राहतात. सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण धरले आहे. इचलकरंजीतील एका कापड उद्योजकाने परदेशातून रेपिअर माग मागवले आहेत. किंमत २,००,००० डॉलर असून लेटर ऑफ क्रेडिटनुसार ती ९० दिवसांनी द्यायची आहे. डॉलरचा आजचा भाव ८८.०० रुपये, ९० दिवसांचा फॉरवर्ड दर ८८.४५ आणि वार्षिक चढ-उतार सुमारे ५ टक्के असे धरले आहे. हे आकडे हिशेब समजावण्यापुरते घेतले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष सौद्याच्या दिवशी बँकेचा भाव घ्यावा लागेल.

१. कॉल ऑप्शन म्हणजे नेमके काय, आणि तो फॉरवर्डपेक्षा वेगळा कसा?

फॉरवर्ड हा दोन्ही बाजूंना बांधणारा करार आहे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दराने तुम्ही बँकेकडून डॉलर घ्यायचेच असतात, मग त्या दिवशी बाजारात डॉलर स्वस्त असो की महाग. कॉल ऑप्शनमध्ये हे बंधन फक्त बँकेवर असते. ठरलेल्या दराने, म्हणजे स्ट्राइकने, डॉलर घेण्याचा हक्क तुमच्याकडे असतो, पण सक्ती नसते. या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. तो सौद्याच्या सुरुवातीलाच, बहुधा दोन कामकाजाच्या दिवसांत, भरावा लागतो आणि परत मिळत नाही.

म्हणून "ऑप्शनने भाव पक्का होतो" हे वाक्य अर्धेच खरे आहे. भाव पक्का करतो तो फॉरवर्ड. ऑप्शन खर्चाला वरून छत घालतो आणि खालची बाजू मोकळी ठेवतो. पुढची बहुतेक उत्तरे या एका फरकातून निघतात.

२. आजचा भाव ८८.०० असताना बँक ९० दिवसांसाठी ८८.४५ का सांगते? हे वरचे ४५ पैसे बँकेचा नफा आहे का?

नाही, त्यातला मोठा भाग बँकेचा नफा नसतो. भारतातील रुपयाचे व्याजदर अमेरिकेतील डॉलरच्या व्याजदरांपेक्षा सामान्यतः जास्त असतात. तुम्हाला ९० दिवसांनी डॉलर देण्यासाठी बँक ते आजच विकत घेऊन ठेवू शकते. तसे केल्यास तिला रुपयावरील जास्त व्याज सोडावे लागते आणि डॉलरवरचे कमी व्याज मिळते. हा फरक फॉरवर्ड दरात चढवला जातो. आपल्या उदाहरणात तो वर्षाला सुमारे दोन टक्के आहे.

ऑप्शनच्या संदर्भात याचा अर्थ असा की प्रीमियम महाग की स्वस्त हे आजच्या ८८.०० च्या मापाने ठरवता येत नाही, ते ८८.४५ च्या मापाने ठरवावे लागते. "मला आजच्याच भावाचा, ८८.०० चा स्ट्राइक द्या" अशी मागणी आयातदार हमखास करतात. पण फॉरवर्डच्या तुलनेत हा स्ट्राइक आधीच ४५ पैशांनी फायद्यात असतो, म्हणून त्याचा प्रीमियमही जास्त पडतो.

३. प्रीमियम कशावर ठरतो?

चार गोष्टींवर : स्ट्राइक फॉरवर्ड दरापासून किती दूर आहे, मुदत किती आहे, दोन्ही चलनांचे व्याजदर काय आहेत आणि पुढील काळात दर किती हलेल अशी बाजाराची अपेक्षा आहे. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर असतात. चौथीला बाजारात व्होलॅटिलिटी म्हणतात आणि ती वर्षाच्या टक्केवारीत सांगितली जाते.

वरील गृहीतकांवर ९० दिवसांच्या ऑप्शनचे भाव साधारण असे येतात : ८८.०० चा स्ट्राइक एका डॉलरमागे सुमारे १ रुपया १० पैसे, ८८.४५ चा सुमारे ८७ पैसे, आणि ८९.५० चा सुमारे ४४ पैसे. यात बँकेचे मार्जिन धरलेले नाही. व्होलॅटिलिटी ५ ऐवजी अडीच टक्के असती तर ८८.४५ चा प्रीमियम जवळजवळ निम्मा झाला असता.

त्याची दुसरी बाजू अशी की रुपया कोसळायला लागल्यावर ऑप्शनची चौकशी करणाऱ्याला प्रीमियम भरमसाट वाटतो. मे २०१३ मध्ये ५४–५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्ट २०१३ रोजी ६८ च्या वर गेला. तेव्हा ज्यांनी ऑगस्टमध्ये संरक्षण विचारले त्यांना वाढलेला भाव आणि वाढलेली व्होलॅटिलिटी, असे दोन्ही पदरमोड करून घ्यावे लागले. ऑप्शन घेण्याची वेळ बाजार शांत असतानाची असते, आणि नेमके तेव्हाच तो अनावश्यक वाटतो.

मुदतीबाबत एक सोय आहे. प्रीमियम मुदतीच्या प्रमाणात वाढत नाही, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १८० दिवसांचा ऑप्शन ९० दिवसांच्या दुप्पट नव्हे, तर साधारण १.४ पट पडतो. देण्याच्या तारखेची खात्री नसेल तर थोडी जास्त मुदत घेणे त्यामुळे परवडते.

४. ऑप्शन घेतल्यावर मागांची किंमत ठरवताना रुपयातला कोणता आकडा धरावा?

स्ट्राइक अधिक प्रीमियम. आपल्या उद्योजकाने ८८.४५ चा कॉल ८७ पैशांना घेतला, तर प्रीमियम १,७४,००० रुपये होतो. काहीही झाले तरी त्याचा डॉलर ८९.३२ पेक्षा महाग पडणार नाही, म्हणजे मागांची कमाल किंमत १,७८,६४,००० रुपये. प्रकल्प अहवालात, बँकेच्या मुदत कर्जाच्या प्रस्तावात आणि मागांचा घसारा मोजताना धरायचा सावध आकडा हाच. प्रीमियम आज भरायचा आणि डॉलर ९० दिवसांनी घ्यायचे असल्याने त्यावरचे व्याजही जमेस धरावे. १० टक्के दराने ते सुमारे ४,३०० रुपये, म्हणजे डॉलरमागे दोन पैसे होते.

आता मुदतीच्या दिवशीच्या तीन शक्यता पाहू. डॉलर ९२.०० झाला, तर उघड्यावर राहिलेल्या आयातदाराला १,८४,००,००० रुपये लागतील, फॉरवर्डवाल्याला १,७६,९०,००० आणि ऑप्शनवाल्याला प्रीमियम धरून १,७८,६४,०००. डॉलर ८५.५० झाला, तर उघड्यावर राहिलेल्याला १,७१,००,००० लागतील आणि फॉरवर्डवाला तरीही १,७६,९०,००० देईल. ऑप्शनवाला आपला हक्क न वापरता बाजारातून डॉलर घेईल आणि त्याचा एकूण खर्च १,७२,७४,००० होईल. तिसरी शक्यता अशी की डॉलर ८८.४५ च्या आसपासच रेंगाळला. मग बाकी दोघांना १,७६,९०,००० पडतील आणि ऑप्शनवाल्याला संपूर्ण प्रीमियमइतके, म्हणजे १,७४,००० जास्त.

यावरून दोन सीमा निघतात. मुदतीच्या दिवशी डॉलर ८७.५८ च्या खाली असेल तर ऑप्शन फॉरवर्डपेक्षा स्वस्त पडतो. तो ८९.३२ च्या वर असेल तर काहीच न करण्यापेक्षा ऑप्शन स्वस्त पडतो. या दोन दरांच्या मधल्या पट्ट्यात ऑप्शन सर्वात महाग ठरतो, हे सौदा करण्याआधी स्पष्टपणे मान्य केलेले असावे.

५. स्ट्राइक कोणता निवडावा? ८९.५० चा प्रीमियम निम्मा आहे, मग तोच का घेऊ नये?

स्ट्राइक निवडण्याआधी एक आकडा हवा : डॉलर किती महाग झाला तर हा व्यवहार तोट्यात जाईल? आपल्या उद्योजकाचा प्रकल्प १ कोटी ८० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीत परतफेड करू शकतो असे मानू. म्हणजे डॉलरचा सहनशील दर ९०.०० आहे. ८९.५० चा कॉल ४४ पैशांना घेतल्यास कमाल खर्च ८९.९४, म्हणजे १,७९,८८,००० रुपये होतो. मर्यादेच्या आत तो जेमतेम बसतो, आणि प्रीमियम ८८,००० मध्ये भागतो. डॉलर घसरला तर फायदाही जास्त उरतो. या उद्योजकाला तो स्ट्राइक योग्य आहे.

पण सहनशील दर ८९.४० असेल, तर हाच स्वस्त ऑप्शन निरुपयोगी आहे, कारण संरक्षण सुरू होण्याआधीच नफा संपलेला असतो. प्रीमियम कमी दिसतो म्हणून दूरचा स्ट्राइक घेणे ही आम्हाला सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. स्ट्राइकचा संबंध धंद्याच्या नफ्याच्या मर्यादेशी असावा, आणि डॉलर कुठे जाईल याच्या अंदाजाला त्यात जागा नसावी. सहनशील दर ८९.०० असेल तर ८८.४५ चा ऑप्शनही पुरणार नाही, तिथे फॉरवर्ड घेणेच योग्य.

६. मग फॉरवर्ड कधी आणि ऑप्शन कधी?

देणे निश्चित, तारीख निश्चित, नफ्याचे प्रमाण पातळ आणि विक्रीची रुपयातली किंमत आधीच ठरलेली असेल, तर फॉरवर्ड. तिथे डॉलर स्वस्त होण्याच्या आशेसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ऑप्शनची जागा दोन परिस्थितींत आहे. पहिली, देणे होईल की नाही याचीच खात्री नसताना (प्रश्न ९ आणि १३ पाहा). दुसरी, डॉलर उतरला तर तुमचे स्पर्धकही स्वस्तात आयात करतील आणि विक्रीची किंमत खाली ओढतील अशा धंद्यात. २०१८ चे उदाहरण यासाठी बोलके आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये डॉलर ७४ च्या वर गेला आणि घाबरलेल्या अनेक आयातदारांनी त्या भावात फॉरवर्ड केले. डिसेंबर संपताना भाव ७० च्या आसपास होता. ज्यांनी फॉरवर्ड घेतला होता त्यांचा माल डॉलरमागे चार रुपयांनी महाग पडला, आणि उघड्यावर राहिलेल्या स्पर्धकांनी त्याच मालाच्या किमती उतरवल्या. संरक्षण घेतल्यामुळेच ते अडचणीत आले. अशा वेळी ऑप्शनवाल्याचे नुकसान प्रीमियमपुरते राहते.

दोन्ही मिसळायलाही हरकत नाही. १,००,००० डॉलरचा फॉरवर्ड आणि १,००,००० डॉलरचा ऑप्शन घेतल्यास निम्मी रक्कम पक्की होते आणि निम्मी मोकळी राहते. संचालक मंडळात दोन मते असतील तेव्हा ही विभागणी उपयोगी पडते.

७. गेल्या वेळी ऑप्शन घेतला आणि प्रीमियम वाया गेला. पुन्हा का घ्यावा?

२०२३ मध्ये डॉलर जवळजवळ वर्षभर जेमतेम अडीच रुपयांच्या पट्ट्यात फिरला आणि अशा वर्षी बरेच ऑप्शन काही न देता संपतात. तुमचा ऑप्शन न वापरता संपला याचा अर्थ एवढाच की डॉलर स्ट्राइकच्या खाली होता आणि तुम्ही माल स्वस्तात घेतलात. हिशेब करायचा तर प्रीमियम आणि डॉलरचा प्रत्यक्ष भाव यांची बेरीज ठरवलेल्या छताखाली राहिली का, एवढेच तपासावे. मात्र तुमचा धंदा प्रश्न ६ मधील फॉरवर्डच्या वर्णनात बसत असेल, तर ऑप्शन मुळातच चुकीचे साधन होते, आणि ते बदलावे.

८. ऑप्शनसाठी बँकेत लिमिट लागते का?

विकत घेतलेल्या ऑप्शनसाठी सहसा लागत नाही. प्रीमियम भरून झाल्यावर तुम्ही बँकेचे काही देणे लागत नाही, त्यामुळे बँकेला तुमच्याबाबत जोखीमच उरत नाही. फॉरवर्डमध्ये मात्र डॉलर उतरल्यावर तुम्ही करार मोडाल ही भीती बँकेला असते. म्हणून ती लिमिट मागते किंवा मार्जिन म्हणून काही रक्कम रोखून ठेवते.

छोट्या उद्योजकाला हा मुद्दा फार मोठा आहे. ज्याचे खेळते भांडवल कॅश क्रेडिटवर चालते आणि ज्याची लिमिट लेटर ऑफ क्रेडिटमध्येच अडकलेली असते, त्याला फॉरवर्डसाठी वेगळी लिमिट मिळत नाही. पण १,७४,००० रुपये भरण्याची तयारी असेल तर ऑप्शन मिळू शकतो. बँकेतील अधिकाऱ्याने आधी फक्त फॉरवर्डबद्दल सांगितले, तर ऑप्शनबद्दल स्वतःहून विचारावे आणि शाखेऐवजी ट्रेझरी विभागाशी बोलणे करून द्यावे अशी विनंती करावी.

९. ऑर्डर अजून पक्की नाही. आत्ताच ऑप्शन घेता येईल का? कागदपत्रे कोणती लागतात?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत दोन प्रकारचे मूळ व्यवहार धरले जातात. करार झालेला व्यवहार, म्हणजे खरेदी आदेश, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस किंवा लेटर ऑफ क्रेडिट हातात असलेला, आणि पुढे होणे अपेक्षित असलेला व्यवहार. संरक्षण दोन्हींसाठी घेता येते. सौद्याची रक्कम आणि मुदत मूळ व्यवहारापेक्षा जास्त असता कामा नये आणि तेच देणे दुसऱ्या बँकेतही संरक्षित केलेले नसावे. बँक कागद पाहील किंवा तसे हमीपत्र घेईल. एखाद्या वेळी कागद मागितला गेला नाही, तरी मूळ व्यवहार असण्याची अट सुटत नाही.

अपेक्षित व्यवहाराबाबत एक फरक लक्षात ठेवावा. त्यावरच्या सौद्यातून झालेला निव्वळ फायदा सहसा प्रत्यक्ष देणे झाल्यावरच हाती मिळतो. म्हणजे ऑर्डर न होताच ऑप्शनवर नफा झाला, तर तो खिशात घालण्याची सोय सहसा नसते. ऑर्डर पक्की होताच कागद बँकेत देऊन सौद्याची नोंद करार झालेल्या व्यवहारावर आणून घ्यावी. हे नियम परिपत्रकांनी बदलत असतात, म्हणून सौद्याच्या दिवशी लागू असलेली अट बँकेकडून लेखी घ्यावी.

१०. एक्स्पायरी कोणत्या तारखेची घ्यावी? देणे ज्या दिवशी आहे त्याच दिवसाची का?

नाही. इथे चूक झाली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. बँकेकडून मिळणारा ऑप्शन युरोपीय पद्धतीचा असतो, म्हणजे हक्क फक्त एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्याच दिवशी बजावता येतो. तो बजावल्यावर डॉलर प्रत्यक्ष हाती येतात ते त्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी. लेटर ऑफ क्रेडिटचे देणे १८ तारखेच्या गुरुवारी असेल, तर एक्स्पायरी १६ तारखेच्या मंगळवारी हवी. मध्ये मुंबई किंवा न्यूयॉर्कची सुट्टी आली तर आणखी मागे जावे लागते.

सौद्याच्या कागदावर एक्स्पायरी आणि डिलिव्हरी अशा दोन तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. दोन्ही वाचूनच सही करावी.

११. एक्स्पायरीच्या दिवशी मला काय करायचे असते?

बँकेने कळवलेल्या वेळेच्या आत हक्क बजावणार की नाही ते लेखी किंवा ई-मेलने सांगायचे असते. ही वेळ सौद्याच्या पुष्टिपत्रात असते. काही बँका फायद्यातला ऑप्शन आपोआप बजावतात, तर काहींना ग्राहकाची सूचना लागते. तुमच्या बँकेची पद्धत सौद्याच्याच दिवशी विचारून ठेवावी. डॉलर स्ट्राइकच्या कितीतरी वर असताना कार्यालयातला जबाबदार माणूस रजेवर होता आणि हक्क बजावायचा राहून गेला, असा प्रकार आमच्या पाहण्यात आहे. त्या आयातदाराचे डॉलरमागे दीड रुपयाचे संरक्षण एका न पाठवलेल्या ई-मेलमुळे गेले.

डॉलर स्ट्राइकच्या अगदी जवळ असेल तर तुलना करताना बँक आज तुम्हाला डॉलर विकते तो दर घ्यावा, पडद्यावर दिसणारा बाजारभाव घेऊ नये. बँकेच्या विक्री दरात मार्जिन असते. त्यामुळे बाजारभाव ८८.४० दिसत असला तरी ८८.४५ ने हक्क बजावणे स्वस्त पडू शकते.

१२. माल महिनाभर उशिरा येणार आहे आणि देणेही पुढे गेले. ऑप्शनचे काय होईल?

यंत्रांच्या आयातीत हे नेहमीचेच आहे. एक्स्पायरीला डॉलर ९१.०० आहे असे धरू. या दिवशी डॉलर घेण्याची गरज नाही, म्हणून ऑप्शनचा हिशेब रोखीने करून घ्यावा : ९१.०० वजा ८८.४५, म्हणजे डॉलरमागे २.५५, एकूण ५,१०,००० रुपये तुमच्या खात्यात. त्याच वेळी पुढच्या महिन्याचा नवा फॉरवर्ड समजा ९१.१५ ने केला. तर मागांची किंमत १,८२,३०,००० होईल, त्यातून ५,१०,००० वजा आणि आधीच्या प्रीमियमचे १,७४,००० मिळवले की १,७८,९४,००० येतात. ठरवलेल्या छतापेक्षा हे फक्त ३०,००० ने जास्त आहे, आणि तो एका महिन्याच्या व्याजफरकाचा खर्च आहे. संरक्षण टिकले.

डॉलर ८६.०० असेल तर ऑप्शन काही न देता संपतो, पण मग नवा फॉरवर्ड ८६.१५ च्या आसपास मिळतो आणि प्रीमियम धरूनही डॉलर ८७.०२ ला पडतो.

घातक ठरते ती तिसरी वाट : फायदा खात्यात जमा झाला म्हणून खूश होऊन नवे संरक्षण न घेणे. ते ५,१०,००० रुपये नफा नसून वाढलेल्या देण्याची आगाऊ भरपाई आहे. ती इतरत्र खर्च केल्यावर डॉलर ९३ झाला, तर घाव पूर्ण बसतो. सौद्याच्या अटींत रोखीने हिशेब करण्याची सोय आहे ना, हे मात्र आधीच पाहिलेले असावे.

१३. ऑर्डरच रद्द झाली तर?

ऑप्शन विकत घेतलेला असेल तर तुमच्यावर कोणतेही देणे उरत नाही. तो मुदतीआधी बँकेला परत विकता येतो आणि त्या दिवशीची उरलेली किंमत मिळते. ही किंमत दिवसागणिक झिजते. फॉरवर्ड दर न हलता निम्मे दिवस गेले, तर ८७ पैशांचा ऑप्शन सुमारे ६१–६२ पैशांचा राहतो, आणि बँक परत घेताना आपले मार्जिन कापते. उरलेली झीज शेवटच्या आठवड्यांत वेगाने होते, म्हणून रद्द झाल्याचे कळताच निर्णय घ्यावा. अपेक्षित व्यवहारावरील सौदा असेल तर फायद्याबाबत प्रश्न ९ मधील अट लागू होते.

याउलट फॉरवर्ड असेल आणि डॉलर ८५.५० ला आला असेल, तर करार मोडताना डॉलरमागे जवळजवळ तीन रुपयांचा फरक तुम्हाला भरावा लागतो, तोही जो माल येणारच नाही त्यासाठी. निविदा भरताना किंवा परवानगी मिळायची असताना ऑप्शनचा प्रीमियम महाग वाटू नये, याचे कारण हे आहे.

१४. एनएसईवर डॉलर-रुपया ऑप्शन मिळतात. बँकेऐवजी तिथून घेतले तर?

घेता येतात. तिथे एक लॉट १,००० डॉलरचा असतो, म्हणजे आपल्या उद्योजकाला २०० लॉट लागतील. पण तीन अडचणी आहेत. एक्स्पायरी एक्स्चेंजने ठरवलेल्या दिवशी असते, मासिक करारांची महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी. ती तुमच्या देण्याच्या तारखेशी क्वचितच जुळते. दुसरे, तिथे डॉलर मिळत नाहीत, हिशेब रुपयांत होतो आणि तोही त्या दिवशीच्या संदर्भ दराने. डॉलर तुम्हाला बँकेकडूनच, तिच्या दराने, घ्यावे लागतात आणि या दोन दरांतला फरक तुम्ही सोसता. तिसरे, मूळ व्यवहार असल्याशिवाय तिथे सौदा करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने ठासून सांगितले आणि ते ३ मे २०२४ पासून लागू झाले. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावा लागत नाही, पण व्यवहार असावाच लागतो. त्यानंतर तिथली उलाढाल खूप घटली आणि दूरच्या महिन्यांत खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर वाढले.

बँक फारच जास्त मार्जिन लावत असेल तर तुलनेसाठी एक्स्चेंजचा भाव पाहावा. एका ठरावीक तारखेच्या देण्यासाठी मात्र बँकेचाच ऑप्शन सोयीचा.

१५. प्रीमियम न लागणारा ऑप्शन असतो असे ऐकले. तो काय प्रकार आहे?

फुकटचे संरक्षण कुणी देत नाही, तिथे प्रीमियम वेगळ्या रूपात वसूल होतो. साधा प्रकार असा : तुम्ही ८९.५० चा कॉल ४४ पैशांना घेता आणि त्याच वेळी ८७.४० चा पुट, म्हणजे त्या दराने तुम्हाला डॉलर विकण्याचा हक्क, साधारण तेवढ्यालाच बँकेला विकता. रोख प्रीमियम शून्य. पण डॉलर ८७.४० च्या खाली गेला तरी तुम्हाला ८७.४० नेच घ्यावा लागतो. म्हणजे खालची बाजूही बंद झाली आणि विकलेल्या पुटमुळे बँकेचे लिमिटही लागू लागले. मोठ्या कंपन्यांना हे चालते. किरकोळ वर्गातील ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑप्शन विकता येत नाही. त्याला फॉरवर्ड, स्वॅप, विकत घेतलेले कॉल व पुट आणि विकत घेतलेले स्प्रेड एवढेच मिळते, आणि बहुतेक छोटे आयातदार याच वर्गात मोडतात.

स्प्रेडचा हिशेब करून पाहावा. ८८.४५ चा कॉल घेऊन त्यातच ९०.५० चा कॉल वजा केला, तर प्रीमियम ८७ वरून ६७ पैशांवर येतो. पण ९०.५० च्या वर तुमचे संरक्षण थांबते. २०१३ सारख्या तीन महिन्यांतच छताची खरी गरज असते, आणि तिथेच ते काढून घेतलेले असते. २० पैशांसाठी हा सौदा आम्हाला पटत नाही.

"अमुक दर गाठला तर संरक्षण रद्द" अशा अटींच्या गुंतागुंतीच्या रचनांपासून दूर राहावे. २००७–०८ मध्ये अशा रचनांत अनेक भारतीय उद्योगांचे मोठे नुकसान झाले आणि डेरिव्हेटिव्ह सौद्यांतील नियमभंगाबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०११ मध्ये १९ बँकांना दंड केला.

१६. ऑप्शनने सीमाशुल्काचा रुपयातला आकडाही पक्का होतो का?

होत नाही. सीमाशुल्क आणि त्यावरील जीएसटी मोजताना सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला विनिमय दर लागतो आणि तो बिल ऑफ एन्ट्री दाखल झाल्याच्या दिवशीचा असतो. तुमच्या स्ट्राइकशी किंवा बँकेच्या दराशी त्याचा संबंध नाही. माल देण्याच्या आधी बंदरात येत असेल तर शुल्क कित्येक आठवडे आधी, वेगळ्याच दराने भरले जाते. डॉलर पाच टक्क्यांनी चढला तर शुल्काचा रुपयातला आकडाही तितकाच चढतो, म्हणून प्रकल्पाच्या खर्चात त्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. शुल्काच्या रकमेइतका जादा ऑप्शन घेण्याचा विचार काही जण करतात, पण ते डॉलरमधील देणे नाही, त्यामुळे त्याला मूळ व्यवहाराचा आधार मिळत नाही.

१७. बँकेने सांगितलेला प्रीमियम रास्त आहे हे कसे ओळखावे?

एकाच वेळी, दहा मिनिटांच्या आत, दोन बँकांकडून भाव घ्यावा. रक्कम, स्ट्राइक, एक्स्पायरी आणि डिलिव्हरी दोन्हींकडे अक्षरशः एकच असावी, नाहीतर तुलना होत नाही. प्रत्येकीला तीन आकडे विचारावेत : त्या क्षणीचा फॉरवर्ड दर, ऑप्शनचा मार्जिनविरहित मधला भाव, आणि तुम्हाला लावलेला प्रीमियम.

एक ढोबळ तपासणी स्वतःही करता येते. स्ट्राइक फॉरवर्ड दराइतकाच असेल तर प्रीमियम साधारण पुढीलप्रमाणे येतो :

```
प्रीमियम ≈ 0.4 × फॉरवर्ड दर × व्होलॅटिलिटी × √(दिवस ÷ 365)
0.4 × 88.45 × 0.05 × √(90 ÷ 365) ≈ 0.88
```

बँकेने ९५ पैसे सांगितले तर सात-आठ पैसे मार्जिन आहे असे समजावे, त्यावर घासाघीस करता येते. तिने १ रुपया ३० पैसे सांगितले तर आधी व्होलॅटिलिटी किती टक्के धरली ते विचारावे. उत्तर साडेसात टक्क्यांच्या आसपास आले आणि दुसरी बँक पाच सांगत असेल, तर फरक कुठला आहे ते कळते. आणि हे विचारताना स्ट्राइक फॉरवर्डला असल्याची खात्री करावी. अनेकदा महाग वाटणारा भाव प्रत्यक्षात आजच्या ८८.०० च्या स्ट्राइकचा असतो (प्रश्न २).